आईला वाचून दाखवलेली पोस्ट

मी काम करत होते ती कलबुर्गीची डाळमिल विकली गेली आणि नव्या मालकांनी तपासणीची लॅब त्यांच्या मुख्य कारखान्यात हलवली. त्या लॅबची प्रमुख मी होते. निरोपाच्या दिवशी सगळे चांगलं बोलले, शाल दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामांची यादी केली. तिच्यात पहिलं काम होतं नोकरी, आणि तीही इथेच, बीदर-कलबुर्गी भागात. आई संतपूरला एकटी असते. घर आणि विहार सोडून ती कुठेही राहायला यायची नाही. इथे काम मिळालं नाही तर मला पुण्याला भावाकडे जावं लागणार होतं, आणि दर रविवारी संतपूरला जाणं संपणार होतं.

नोकऱ्यांच्या साइटवर माझं खातं होतं, पण ते नुसतंच पडून होतं. मी फोटोभोवती ‘काम शोधत आहे’ची हिरवी कड लावली आणि इंग्रजीत पोस्ट लिहिली. पंधरा मिनिटांत झाली. शाळेत रजेचे अर्ज लिहायला शिकवले होते, तो साचा हाताला होताच. नम्र विनंती, कृपया विचार व्हावा, कोणतंही योग्य काम, आजन्म ऋणी राहीन. शेवटी जोडलेल्या हातांचं चिन्ह, तेही तीनदा. वाचून पाहिली तर मला ती सभ्य वाटली.

लोक खरंच चांगले असतात. संध्याकाळपर्यंत पोस्टखाली रांग लागली. ‘हिंमत ठेवा मॅडम.’ ‘देव आहे.’ चिंताकीच्या काकांनी विमा एजंट होण्याचा सल्ला दिला. जुन्या शेजारणीने बालवाडीतली जागा कळवली. कुणी बंगळूरच्या कॉल सेंटरचा पत्ता पाठवला. मी प्रत्येकाचे आभार मानले. डाळीबद्दल मात्र एकानेही काही विचारलं नाही. आठवडा गेला तरी माझ्या जोडलेल्या हातांना उत्तर म्हणून जोडलेले हातच येत होते, बस.

मग एका मुलीचा फोन आला. ती माझ्याच हाताखाली लॅबचं काम शिकली होती. आता बीदरकडच्या एका बेसन कारखान्यात आहे.

“अक्का, रागावू नका. तुमची पोस्ट मी आमच्या मॅनेजरला दाखिवली.”

“मग?”

“त्यांनी पूर्ण वाचली. म्हणले, बाई चांगल्या दिसतात, अडचणीत आहेत. पण ह्या करतात काय?”

“तू सांगायचंस की.”

“सांगितलं की हो! तर म्हणले, मग त्यांनी स्वतः का लिहिलं नाही? अक्का, आमच्याकडं क्वालिटीची जागा निघायलीय. मला पुढं पाठवायचंय, पण ह्यात पाठवण्यासारखं काहीच न्हाई. मी काय पाठवू, तुमचे जोडलेले हात?”

मी फोन ठेवला तो जरा रागातच. पोस्टमध्ये काय चुकलं ते मला दिसत नव्हतं.

ते रविवारी दिसलं. संतपूरला आई विहारातून येऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, “मोबाईलात काय लिवलीस म्हणं? शेजारची पोरगी सांगायली. वाच बघू.”

आईला इंग्रजी येत नाही. मी एकेक ओळ मराठीत करून वाचू लागले. ‘महोदय, मी अत्यंत नम्रपणे विनंती करते की माझ्यावर कृपा करावी...’ दुसऱ्या ओळीलाच माझा आवाज खाली गेला. ‘मी सध्या फार कठीण परिस्थितीत आहे. कोणतंही काम, कोणत्याही पगारावर...’

आईचे हात थांबले. “हे कुणाचं हाय?”

“माझंच.”

“तू इतकी गरीब कवा झालीस गं?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. आई मात्र हसली नाही. “तुझ्या बापानं दुसऱ्याची जमीन करायला घेतली तवा मालकाच्या वाड्यावर जाऊन काय बोललता, ठाव हाय ना? ‘पेरणी मला येती, नांगर माझा हाय, ह्या बांधापासनं त्या बांधापतोर करतो.’ हात न्हाई जोडले. आन् तू एवढी शिकून कामून जोडायलीस?”

इंग्रजीत जे सभ्य वाटत होतं, ते मायबोलीत, आईसमोर, मला म्हणता येईना. तिथेच शेंगांच्या टोपलीशेजारी बसून मी नवी पोस्ट लिहायला घेतली. नियम एकच ठेवला: जी ओळ आईला तोंडावर सांगता येणार नाही, ती पोस्टमध्ये नाही.

पहिल्या ओळीत हवं असलेलं काम आणि भाग, कारण ‘आणखी वाचा’ दाबण्याआधी लोकांना तेवढंच दिसतं. ‘डाळ-बेसन कारखान्यात गुणवत्ता प्रमुख म्हणून काम हवं आहे; बीदर-कलबुर्गी भाग.’ मग मला येतं ते. कच्च्या मालाचे नमुने काढणं. ओलावा, तुकडा आणि माती तपासणं. अन्नसुरक्षेच्या तपासणीची कागदपत्रं सांभाळणं. ग्राहकाची तक्रार आली की ती कोणत्या लॉटची, म्हणजे मालाच्या कोणत्या खेपेची, ते शोधून काढणं. लॅबच्या मुलींना शिकवणं. मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. एक उदाहरणही दिलं, विचारलं तर पुरावा दाखवता येईल असं: लॉटच्या नोंदींची पद्धत मी बसवली आणि तपासणीला आलेल्यांनी ती तशीच चालू ठेवायला सांगितलं. मिल विकली गेल्याचं एका वाक्यात, रडगाणं न करता. कधीपासून रुजू होऊ शकते ते. शेवटी, ‘अशी जागा माहीत असेल तर मला कळवा किंवा ही पोस्ट तिथे पाठवा.’

फोनवर मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अक्का, ‘अनुभवी व मेहनती’ काढा. सगळेच लिहितात. आणि नावाखालच्या ओळीत अजून ‘संधीच्या शोधात’ असं हाय, तिथं पण पद लिहा.” काढलं, लिहिलं. हिरवी कड काढावी का, असंही मी विचारलं. “राहू द्या. कड काम शोधायला लागल्याचं सांगती, त्यात लाजायचं काय?”

मग आईसमोर परीक्षा. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “व्हय. ही तू हाईस.”

जुनीच पोस्ट बदलली असती तर ती लोकांसमोर पुन्हा क्वचितच आली असती, म्हणून नवी टाकली. जुनी काढण्याआधी तिच्याखाली लिहिलेल्या प्रत्येकाला नव्या पोस्टसह वेगळा निरोप पाठवला. ती माणसं माझ्यासाठी थांबली होती. त्यांना करण्यासारखं काही मीच दिलं नव्हतं.

आता दिलं होतं. शेजारणीने पोस्ट तिच्या दिराला पाठवली, तो आळंदच्या डाळमिलला पोती पुरवतो. कडगंचीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीने तिच्या गटात टाकली. चिंताकीच्या काकांचा फोन आला, “बरं झालं लिवलीस. इतकी वर्षं मला वाटायचं तू तिथं पोती मोजतीस!”

आणि बेसन कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. घरची अडचण त्यांनी विचारली नाही. विचारलं ते असं, “खरेदीवाल्यांना घ्यायचाच आहे आणि ओलावा जास्त आहे, अशा लॉटचं काय करता?”

मी म्हटलं, “बाजूला ठेवते, कारण लिहून. वाळवून पुन्हा तपासल्याशिवाय दळायला जात नाही. खरेदीवाले चार दिवस बोलत नाहीत माझ्याशी.”

ते मोठ्यानं हसले. दोन भेटी झाल्या, आणि जागा मिळाली.

आता ती मुलगी पुन्हा माझ्याच लॅबमध्ये आहे. मी कुणाचा माल लिहून नाकारला की म्हणते, “अक्का, हात जोडून लिहायचं व्हतं की!” रविवारी मी बीदरहून संतपूरला जाते. वाट पहिल्यापेक्षा निम्म्याहून कमी झाली आहे. आईसाठी बेसन नेते. ती चिमूटभर बोटांत चोळून बघते, मग डब्यात भरते.