फोटोसाठी मागे उभी राहिले

बडोद्याच्या हाफ मॅरेथॉनला माझ्या छातीवरच्या नंबराच्या बिबवर दोन तासांत शर्यत पुरी करणाऱ्यांच्या, पुढच्या कप्प्याचं अक्षर होतं. पण ऑफिसच्या मंडळींबरोबर फोटो हवा, म्हणून मी सर्वांत मागच्या, चालणाऱ्यांच्या कप्प्यात उभी राहिले.

सुरुवात झाली आणि समोर गप्पा मारत चालणाऱ्यांची भिंत! माझं डोकंच फिरलं. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, मध्येच फुटपाथवर चढत मी घुसत राहिले. लहरीपुरा दरवाजापर्यंतच धाप लागली.

सुरुवातीला माझ्या शेजारी उभे असलेले एक काकाही मागूनच निघाले होते. गर्दी विरळ होईपर्यंत ते गर्दीच्याच चालीने सरळ चालले, मग धावू लागले.

सतराव्या किलोमीटरला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. "चालो बेन," म्हणत काका पुढे गेले.

ज्या फोटोसाठी हे केलं, त्यात माझं फक्त कोपर आलंय.