सात चौकटी

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे यादीबाई म्हणत. नवं पुस्तक आलं की ऑनलाइन दुकानात त्याची नोंद करायची, तीन विभाग निवडायचे आणि शोधशब्दांच्या सात चौकटी भरायच्या, हे तिचं काम. महिन्याला तीस-चाळीस पुस्तकं. वाचायला सवड कुणाला? मागच्या पानावरचा मजकूर चाळायचा, चौकटी भरायच्या आणि मोकळं व्हायचं.

नवरा गेल्यापासून तर ती काम करत नव्हती, नुसते हात चालत होते. एकदाही रडली नाही. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा, आत सगळं बधिर पडलं होतं.

सोमवारी मालकांनी एक पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. ‘पुन्हा एक पहाट’, लेखिका एक निवृत्त नर्स.

“दोन वर्षांत एकोणीस प्रती. आणि हा अभिप्राय बघा, ‘कादंबरी समजून घेतलं, निघाली आजारपणाची माहिती.’ महिनाभरात हललं नाही तर काढूनच टाकू.”

तिने जुनी नोंद उघडली. विभाग: प्रेरणादायी, आत्मकथन, कौटुंबिक. शोधशब्द: हृदयस्पर्शी, उत्कृष्ट, आशेचा किरण. नोंद करणारी ती स्वतःच.

मग तिने पहिल्यांदा पुस्तक उघडलं. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाशी कसं बोलायचं, पाणी दाट करून कसं पाजायचं, घास देताना हनुवटी कशी ठेवायची. पानोपानी आकृत्या.

“हृदयस्पर्शी म्हणून कोण शोधतं हो?” मालक म्हणाले. “पुस्तकाच्या नावातले शब्द परत नकोत, ते दुकान शोधात आपोआप धरतंच. माणूस अडला की काय टाइप करतो, ते लिहा.”

अडला की. तिने पिशवीतून फोन काढला आणि त्याच दुकानाचं ॲप उघडलं. गेल्या वर्षीचे तिचे शोध जसेच्या तसे होते. ‘पक्षाघात नंतर बोलता येत नाही’. ‘पाणी पिताना ठसका’. ‘गिळता येत नाही काय भरवावं’. तेव्हा दुकानाने तिला पाककृतींची पुस्तकं दाखवली होती. ठसक्यातून नवऱ्याच्या छातीत कफ झाला आणि तो गेला.

पुस्तक तेव्हाही दुकानात होतं. तिनेच ठेवलेलं.

रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. तिने विभाग बदलले: पक्षाघात, रुग्णसेवा, वाचा-उपचार. मग फोन कीबोर्डशेजारी ठेवून एकेक ओळ चौकटींत उतरवली, तिच्याच साध्या, घाबऱ्या शब्दांत. सातही भरल्या. बदल दिसायला तीन दिवस लागतील, असं पडद्यावर आलं.

पुढच्या सोमवारी मालक आले ते हसतच. “अहो, आठवड्यात चौदा प्रती! हे शब्द सुचले कुठून तुम्हाला?”

“एका बाईने शोधले होते,” ती म्हणाली.

“मग तिला मिळालं का पुस्तक?”

“नाही,” ती म्हणाली, आणि पुढचं पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचू लागली.