जिन्यातली खुर्ची

शकू गेल्याचा फोन सकाळी साडेसहाला आला. तिच्या खालच्या मजल्यावरच्या जाधव वहिनी बोलत होत्या. "मावशी, शकूमावशी गेल्या... झोपेतच." आणि मी काय म्हणाले, तर "बरं." पन्नास वर्षांची मैत्रीण गेली आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. दूध उतू गेलं, गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि मग काय काय बोलायला हवं होतं ते सगळं सुचलं. कधी गेली, तुम्ही एकट्याच आहात का, तिचा चष्मा काढलात का, मी निघालेच... सगळं व्यवस्थित, ओळीने. शकू असती तर म्हणाली असती, "इंदे, ओटा पुसेपर्यंत सुचलं? सुधारलीस की! पूर्वी दोन दिवस लागायचे."

हा माझा जन्मजात दोष, आणि त्याला फ्रेंच भाषेत नाव आहे हे मला शकूनेच सांगितलं. सातपूरच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. कारखान्याने फ्रान्सहून यंत्रं मागवली होती आणि त्यांची माहितीपत्रकं, पत्रं मराठी-इंग्रजीत करायला पुण्याहून फ्रेंच शिकून आलेली ही शकुंतला. उंच, सावळी, केसांचा बॉबकट. बॉबकट बघूनच मी ठरवलं होतं की ही शिष्ट असणार. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माणसांबद्दलची माझी सगळी मतं केसांवरून ठरायची. माझी स्वतःची वेणी कमरेपर्यंत होती, आणि अकलेची लांबी तिच्यापेक्षा बरीच कमी.

साहेबांची केबिन वर होती, लोखंडी जिना चढून. एकदा त्यांनी सांगितलेल्या पत्रात मालाची संख्या चुकली होती. मी वर जाऊन तसं सांगितलं. समोर बाहेरगावचे दोन पाहुणे बसले होते. साहेब त्यांच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हाला टाइप करायला बसवलंय, डोकं चालवायला नाही." पाहुणेही हसले. आणि लाज वाटते सांगायला, त्यांच्याबरोबर मीही थोडीशी हसले! कागद छातीशी धरून निघाले. जिना उतरत होते, कान गरम झाले होते, आणि शेवटच्या पायरीवर पाय टेकला न टेकला तोच उत्तर आलं. टप्पकन. जसं काही ते खालीच उभं राहून माझी वाट बघत होतं.

जिन्याखालीच शकूचं टेबल. तिने माझं तोंड बघितलं. "काय झालं?" सांगितलं. "आणि आत्ता काय सुचलं?" मी म्हणाले, "डोकं चालवायचं नसतं तर तुमची चूक तशीच टाइप केली असती, साहेब." शकू इतकी हसली की पेन टेबलाखाली गेलं. मग म्हणाली, "तुला एस्प्री द लेस्कालिए आहे."

मला वाटलं, काहीतरी पोटाचं आहे.

मग तिने समजावलं. एस्प्री म्हणजे चतुराई, हजरजबाबी बुद्धी. एस्कालिए म्हणजे जिना. जिन्यातली चतुराई. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक फ्रेंच विचारवंत एका बड्या असामीकडे जेवायला गेला. तिथे कुणीतरी असं काही बोललं की याची वाचाच बसली. पुढे त्याने लिहून ठेवलं की आपल्यासारखा हळवा माणूस असा घाव बसला की गोंधळतो, आणि त्याचं डोकं ठिकाणावर येतं ते थेट जिन्याच्या पायथ्याशी. तिकडच्या बड्या घरांत बैठकीचा दिवाणखाना वरच्या मजल्यावर असायचा. म्हणजे पायथ्याशी पोचलात याचा अर्थ मैफल सोडून निघालात, दार मागे बंद झालं. मी म्हणाले, "आपल्याकडे पश्चातबुद्धी म्हणतात की." शकूने मान हलवली. पश्चातबुद्धी म्हणजे करून बसलेल्या चुकीची उपरती. इथे चूक काहीच केलेली नसते, फक्त तोंड बंद राहिलेलं असतं. इंग्रजीवाले हा शब्द त्या क्षणासाठी वापरतात, कधी त्या उशिरा आलेल्या उत्तरासाठीच. जर्मन लोकांनीही जिन्यातला विनोद म्हणून शब्द करून घेतला, पण तो आता बहुतेक नशिबाने किंवा इतिहासाने केलेल्या क्रूर थट्टेला लावतात. खुद्द फ्रेंच माणूस मात्र सहसा उत्तराबद्दल बोलत नाही, माणसाबद्दल बोलतो. याला जिन्यातली चतुराई आहे, असं. एखाद्याला दमा आहे म्हणावं तसं.

यातलं 'चतुराई' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. आपल्याला फ्रान्समध्ये नाव असलेली चतुराई आहे, या आनंदात मी महिनाभर होते. मग यंत्र बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला. कँटीनमध्ये सगळ्यांची ओळख करून देताना मी शकूकडून पाठ केलेलं वाक्य छाती पुढे काढून म्हटलं, "जे लेस्प्री द लेस्कालिए!" मी हजरजबाबी आहे, असं मला सांगायचं होतं. मी सांगितलं होतं, की मला वेळेवर काही सुचत नाही. इंजिनिअर आधी गोंधळला, मग हसत हात छातीवर ठेवून म्हणाला, "म्वा ओसी." मीसुद्धा. शकूने हे भाषांतर मला चार दिवसांनी सांगितलं, मुद्दाम.

पण तो साहेबांचा किस्सा अर्धाच राहिला. नाव सांगून शकू थांबली नव्हती. ती म्हणाली, "आता वर जा." मी म्हणाले, "वेळ गेली." तर ती चिडली. "कुणी सांगितलं? त्या फ्रेंच माणसाचं तिथेच चुकलं. खाली सुचलं, तर परत वर जायचं. जिना काय एकदा उतरला की मोडून पडतो?" मी पदर खोचला. वेणी मागे टाकली. खाड खाड जिना चढले, दार ढकललं आणि एका दमात सगळं सुनावलं. साहेब पाहुण्यांना घेऊन मागच्या जिन्याने जेवायला गेले होते. वरती पंखा गरगरत होता आणि खाली रिकामी खुर्ची. खाली आले तर शकू विचारते, "मग? काय म्हणाली खुर्ची?" म्हटलं, "गप्प बसली." "म्हणजे जिंकलीस."

तीन वाजता साहेब आल्यावर मी तिसऱ्यांदा वर गेले आणि त्यांनाही ऐकवलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. साहेबांनी पत्र दुरुस्त केलं.

पुढे आम्ही दोघी निवृत्त झालो. माझी नातवंडं झाली. शकूने लग्न केलं नाही. कॉलेज रोडजवळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती फ्रेंच शिकवायची. विंचूरच्या वाईन पार्कमध्ये नोकरीला लागलेली मुलं, पाककला शिकणाऱ्या मुली, पॅरिसला सून असलेली एक आजी... घर कधी रिकामं नसायचं. लिफ्ट नाही. माझे गुडघे गेल्यावर तिने काय करावं? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जुनी वेताची खुर्ची आणून ठेवली. म्हणाली, "तुझ्यासाठी. उतरताना इथे बस, सुचू दे, आणि परत वर ये. पार खाली जाऊन हेलपाटा नको." मी खरंच तसं करायची. चहावर वाद व्हायचे, मी हरून निघायची, खुर्चीवर बसायची, उत्तर आलं की वर जाऊन बेल दाबायची. ती दार उघडून म्हणायची, "बोल."

ती जायच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले, तेव्हा ती पलंगावर होती. आवाज बारीक झाला होता, जीभ नाही. म्हणाली, "मी गेले की सगळे बिचारी म्हणतील बघ. एकटी होती बिचारी. सगळ्यांत आधी आमचे अण्णा म्हणतील. आणि तू गप्प बसशील."

"नाही बसणार."

"बसशील गं. ओळखते तुला. पण परत वर येशील ना?"

मी तिची चादर नीट केली आणि निघाले. वेताच्या खुर्चीवर बसून रडले, आणि त्या दिवशी मात्र वर गेले नाही. 'येईन' एवढा एकच शब्द होता.

ती गेल्यानंतरच्या रविवारी तिच्या घरी सगळे जमले. तिचे मोठे भाऊ, अण्णा, घोटीहून आले होते. तांदळाचे व्यापारी, भला माणूस, पण बहिणीच्या घराचा जिना त्यांनी किती वेळा चढला असेल, एका हाताची बोटं पुरतील. विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते, स्वयंपाकघरात माणसं, गॅलरीत माणसं. अण्णांनी कपाळाला हात लावला. "काय सांगू... लय एकटी राहिली हो बिचारी. कोणी नव्हतं तिला."

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी? मीही हलवली! त्र्याहत्तर वर्षांची बाई, आधीच सूचना मिळालेली, आणि नंदीबैलासारखी मान हलवून, हात जोडून बाहेर पडले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सवयीने बसायला गेले तर खुर्चीच नाही. चार गोल डाग फक्त फरशीवर. तेवढ्यात जाधव वहिनी आपल्या दारातून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बाहेर आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "सरका हो मावशी. वर अजून कमी पडतायत. पहिल्या मजल्यावरच्यापण नेल्या."

आलं. टप्पकन आलं.

कठडा धरून चढले. गुडघे बोंबलत होते, त्यांना म्हटलं, नंतर. वर पोचले तर अण्णा अजून तिथेच, आणि बसले होते कशावर? माझ्या वेताच्या खुर्चीवर.

"अण्णा," मी म्हणाले. आवाज चिरकाच निघाला, पन्नास वर्षांपूर्वीसारखा. "तुमच्या बहिणीकडे आज इतकी माणसं आली, की तीन घरच्या खुर्च्या आणल्या, जिन्यातलीसुद्धा उचलून आणली. एकट्या बाईकडे कधी खुर्च्या कमी पडतात का? बिचारी म्हणायचं असेल तर मला म्हणा. माझी खुर्ची गेली."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, शोकाच्या घरात. अण्णांनी उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यांना उत्तर सुचलं असेलच... बस घोटीला लागल्यावर. तिथून 'परत वर जा' म्हणायला त्यांना शकू कुठे भेटणार?

खुर्ची त्याच संध्याकाळी पुन्हा वळणावर गेली. घर आता कुलूपबंद आहे, पण मी दर गुरुवारी जाते. त्या न दिलेल्या 'येईन'साठी. वर जाऊन दारासमोर उभी राहून "आले गं" म्हणते, आणि उतरते. लोकांना काय वाटायचं ते वाटो. परवा सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, "आजी, जिन्यात अडगळ ठेवता येत नाही. ती खुर्ची तेवढी उचला." मी म्हणाले, "बरं."

फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला.

"साहेब, ती अडगळ नाही. कामावर आहे."