खानावळीच्या आचाऱ्याला लिहिलेलं पत्र

रत्नागिरीत मी दवाखाना उघडला तेव्हा एकटीच राहत होते आणि दोन्ही वेळा खानावळीत जेवत होते. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. स्वयंपाक करायचे ते आचारी हातखंब्याच्या पुढच्या एका गावातले, पन्नाशीचे, बारीक अंगाचे. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांच्या हातचं कुळथाचं पिठलं खाण्यासाठी बँकेतले लोक फिरतीवरून धावतपळत परत येत. मला यायला उशीर झाला तर भाऊ माझं ताट झाकून ठेवत, आणि "डॉक्टरीणबाय, लोकांना वेळेवर जेवा म्हणून सांगता ना?" असं दारातच ऐकवत.

गणपती होऊन गेल्यावर भाऊंना ताप आला. रोज संध्याकाळी चढायचा, उतरायचं नाव घेईना. तपासणीत टायफॉइड निघाला. औषध मीच दिलं. ताप हटल्यावर उरलेल्या गोळ्या आणि पथ्य समजावून मी त्यांना गावी धाडलं. पुढचं बोलणं बरे होऊन आल्यावर करू, असं मनात होतं.

पण महिना भरायच्या आतच मावशींकडे निरोप आला: 'भूक परत आली, सोमवारी कामावर येतो.' मावशींना हायसं वाटलं. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्या लग्नाचा स्वयंपाक भाऊच करणार हे मुलगी परकरात होती तेव्हापासून ठरलेलं होतं.

मला मात्र घोर लागला. गावात फोन नव्हता, म्हणून पत्र लिहायला बसले. तोवर मी दुसऱ्या डॉक्टरांना चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आचाऱ्याला कधीच नाही. पहिल्याच ओळीला अडले. 'शौच' लिहिलं तर सरकारी भिंतीवरच्या सूचनेसारखं वाटे, 'संडास' लिहावं तर त्यांच्या घरी तो नव्हताच. शेवटी त्यांच्याच बोलीतलं 'परसाकडे' लिहिलं आणि मग लेखणी चालू लागली.

"भाऊ, ताप गेला याचा मला आनंद आहे, पण सोमवारी कामाला येऊ नका. ताप गेला तरी टायफॉइडचे जंतू काही जणांच्या आतड्यात आणि पित्ताशयात मागे राहतात. माणसाला काही होत नाही, अंगात ताकद येते, आणि जंतू मात्र परसाकडच्या वाटेने बाहेर पडत राहतात. हात नीट धुतला नाही तर ते हातावर येतात, हातावरून अन्नात. उकळत्या आमटीत ते मरतात. पण कोशिंबीर, चटणी, सोलकढी, भाजून झाल्यावर हातानं घडी घातलेली पोळी, यांना पुन्हा आच लागत नाही.

"म्हणून तपासणी करायची. ताप सुरू झाल्यापासून निदान महिना गेलेला हवा आणि गोळ्या संपून दोन दिवस तरी झालेले हवेत. मग वेगवेगळ्या दिवशी परसाकडचा नमुना द्यायचा, असा तीनदा. तिन्ही नमुने ओळीने स्वच्छ आले तर तुम्ही कामाला मोकळे. एकात जरी जंतू निघाले तरी महिनाभर थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. रक्ताच्या तपासणीवर जाऊ नका, ती बरं झाल्यावरही बरेच दिवस तसाच दोष दाखवते. नमुन्याची बाटली मी देईन. त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. या कामासाठी मावशींच्या घरी मुक्कामाला या, म्हणजे नमुना ताजा असतानाच प्रयोगशाळेत पोचेल.

"तोवर घरीही दुसऱ्यांसाठी रांधू नका. परसाकडून आल्यावर आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुवा, नखं कापा, टॉवेल वेगळा ठेवा. परसाकडे विहिरीपासून लांब जा आणि वर माती ओढा. बाकी बागेतलं काम करा, नातवंडांना खेळवा. यात तुमचा काही दोष नाही."

पाकीट नीट चिकटवून टाकलं. गावात पत्रं बहुधा पोस्टमनच वाचून दाखवी. हे भाऊंनी स्वतः वाचावं असं मला वाटत होतं. ते चौथीपर्यंत शिकले होते.

दिवाळीनंतर भाऊ आले. पत्र खिशात होतं, घड्यांवर झिजलेलं. बाटली देताना मी गंभीर, ते माझ्याहून गंभीर. "बाय," ते हळूच म्हणाले, "आजवर लोकांनी माज्या हातचं तपासलं. ह्ये पयल्यांदाच." मला हसू आवरेना, मग त्यांनाही.

जंतू वाढतात का हे बघायला प्रयोगशाळेला दोन-तीन दिवस लागत. पहिला नमुना स्वच्छ आला. दुसराही आला. मावशींनी किराणा भरायला घेतला. तिसऱ्यात जंतू निघाले.

मी सांगितलं तेव्हा भाऊ खानावळीच्या मागच्या पडवीत बसले होते. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे माजा विटाळ झाला म्हना."

"विटाळ कसला भाऊ? सुट्टी वाढली."

मावशी मात्र माझ्यावर उखडल्या. "अगं, दोन तर चांगले आले ना? एका दिवसाचा प्रश्न आहे. आमटी-भात उकळूनच होतो. त्यांचं मन मोडेल गं."

"मावशी, मांडवात लेकरं असतील, म्हातारी माणसं असतील. त्यांच्यातलं एक जरी आजारी पडलं तर भाऊंचं मन त्याहून जास्त मोडेल."

मावशी काही बोलणार तोच भाऊ उठले. "बाय लिवते तसंच व्हनार," ते म्हणाले. "मी रांधनार न्हाय. पन मांडवात येनार."

माझ्या मनालाही चैन नव्हतं. ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना मी विचारलं. बहुतेकांचे जंतू काही आठवड्यांत आपसूक जातात, थांब, एवढंच त्यांनी सांगितलं.

लग्नाच्या दिवशी चुलीपासून चार हात लांब भाऊंसाठी खुर्ची मांडली. रांधायला शेजारच्या दोन बायका होत्या, नारळ खवायला मी. भाऊंनी कशालाही हात लावला नाही. फोडणीच्या आवाजावरून ते सांगत, "आता घाला." वासावरून सांगत, "गूळ कमी हाय." चव हवी तेव्हा त्यांच्या वेगळ्या वाटीत वरून पळी ओतायची, वाटीला पळी टेकवायची नाही, हा नियम त्यांनीच काढला. माझं खवणं बघून ते म्हणाले, "बाय, करवंटी पन खवतासा काय?" सगळ्या बायका हसल्या. पंगती उठल्या तेव्हा नवरीनं येऊन त्यांच्या पाया पडून विचारलं, "भाऊ, जेवण तुमच्यासारखंच झालं होतं का?" त्यांनी मान डोलावली आणि पंचानं डोळे पुसले.

महिन्यानंतर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एक स्वच्छ, दोन स्वच्छ, आणि तिसरा कळला त्या दिवशी मी दवाखान्यातले पेशंट थांबवून स्वतः खानावळीत गेले. भाऊ विळीवर नजर लावून बसले होते. मी नुसतं "उठा" म्हटलं.

ते आधी मोरीवर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या फटी घासल्या, पुन्हा धुतले. मग कुळथाच्या पिठाचा डबा काढला.

त्या रात्री सगळे वेळेवर हजर होते. मी पाटावर बसून ताट घ्यायला हात पुढे केला, एवढ्यात भाऊ ताट हातात धरूनच थांबले.

"हात धुतलेत काय, बाय?"

"धुतले की."

"साबनानं?"

मी उठून मोरीवर गेले. माझ्यामागे बँकेतले सगळे रांगेत उभे राहिले.