पापडांच्या बदल्यात इंग्रजी कादंबरी

धुळ्याच्या कॉलेजात एस.वाय.ला इंग्रजी स्पेशल घ्यायचं माझ्या मनात होतं. इंग्रजीच्या सरांनी फॉर्मवर सही करायला साफ नकार दिला. "मराठी माध्यमातली तू. झेपायचं नाही. सुटीत एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच, मग ये." मला असा राग आला! त्याच रागात लायब्ररीतलं सगळ्यांत जाडजूड पुस्तक उचललं. शब्द अडला की डिक्शनरी, तिच्यातला अर्थ अडला की पुन्हा डिक्शनरी. आठवडा गेला आणि गोष्टीतली बाई अजून बग्गीतून उतरलीच नव्हती.

पुस्तक परत करताना ग्रंथपालबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, मधलं एखादं पान उघड आणि अडलेल्या शब्दांसाठी एकेक बोट मिटत जा. पान संपायच्या आत मूठ वळली की पुस्तक ठेवून दे." पाच-सहा पुस्तकांवर मूठ वळली. मग एका खुनाच्या कादंबरीवर तीनच बोटं मिटली. बारीकशी होती, तीच घेतली. "आणि डिक्शनरी लांब ठेव," त्या म्हणाल्या. "अडलं तर पुढे जा. तोच शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला, तरच बघ."

उन्हाळा म्हणजे गल्लीत उडदाचे पापड. पापड लाटायचा मला भारी कंटाळा. मी काकूशी सौदा केला: मी रोज एक प्रकरण सांगणार, लाटणं तुम्ही बघायचं. बायका खूश झाल्या आणि मी पुरती अडकले. एक दिवस वाचलं नाही, तर माझ्यापुढे पोळपाट येणार!

न कळलेलं मी अंदाजाने भरत होते. त्या बंगल्यात एक बटलर होता. सदा घरात, सगळ्यांची गुपितं ठाऊक. मी त्याला बिनदिक्कत मालकिणीचा भाऊ करून टाकलं. चार दिवस बायका त्याला मामा म्हणत होत्या. पाचव्या दिवशी काकूचं लाटणं थांबलं. "मामा शे ना तो? मंग त्याले जेवाले कोनी का बसाडत नही?"

खरंच की! बहिणीच्या घरी भाऊ भिंतीशी उभा, आणि त्याला कुणी बस म्हणत नाही? मी डिक्शनरी काढली. मामा नोकर निघाला. मागची दोन प्रकरणं पुन्हा वाचली, तर संशयाची सगळी दिशाच बदललेली. बायकांनी माझी यथेच्छ टर उडवली. पण आता त्यांच्याआधी मलाच पुढचं हवं होतं. पापड संपायच्या आधी कादंबरी संपली.

जूनमध्ये सरांपुढे उभी राहिले. "सांग गोष्ट," ते म्हणाले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सुरुवात केली, अडले की मराठी. सर आधी कागद चाळत होते, मग त्यांनी कागद बाजूला सारले. शेवटच्या प्रकरणाशी येऊन मी थांबले.

"मग? खून केला कुणी?"

"सर, आधी सही करा," माझ्या तोंडून निघून गेलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हं, बोल आता."