वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

माझे काका बसचे कंडक्टर होते, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी ती नोकरी मनातून सोडली नाही. कुणाच्या घरी चार माणसं जमली की ते हमखास म्हणायचे, "आत सरका, दार मोकळं ठेवा." दवाखान्यात रांग वाकडी दिसली तर सरळ करायचे. त्यांची स्वतःची तब्येत दाखवायची राहून जायची, पण रांग सरळ व्हायची.

काकू शाळेचे गणवेश शिवायची. घर तिच्या शिलाईच्या पैशातून झालं आणि नगरपालिकेत तिच्याच नावावर लागलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक मोठी खोली, वर जायला बाहेरून जिना. काकांना याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे, "मालकीण ती. मी पास काढून बसलोय."

घोळ निवृत्तीनंतर झाला. दिवसभर घरात बसून काकांचे हात शिवशिवायला लागले आणि एका दुपारी, काकू कापड आणायला बाजारात गेलेली असताना, त्यांनी स्वयंपाकघर लावलं. सगळे डबे फडताळातून काढून पुसले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि मार्गावरच्या थांब्यांसारखे ओळीने मांडले. जे जास्त लागतं ते दाराजवळ, कमी लागतं ते शेवटी. कल्पना वाईट नव्हती. पण जी बाई अंधारातही हात घालून मीठ काढायची, तिच्या हाताला त्या संध्याकाळी साखर लागली. आमटी गोड झाली. काकू म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरातून आत्ताच्या आत्ता उतरा."

काका उतरले नाहीत, चढले. वरच्या खोलीत गेले आणि तिथेच राहिले. चहापुरती विजेची शेगडी घेतली, मग भातापुरतं पातेलं घेतलं. जिन्याच्या फाटकावर स्वतःच्या नावाची पाटी लावली तेव्हा मी कपाळावर हात मारला. दोघंही साठी ओलांडलेली, आणि एकमेकांशी बोलायचं झालं तर मला बोलावणार. मी शाळेत शिकवते, तिथली मुलं यापेक्षा लवकर समेट करतात.

अशात नगरपालिकेने घरांची फेरमोजणी काढली. आमच्या गल्लीत जो कर निरीक्षक आला तो तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, आणि इतका गंभीर की त्याच्यासमोर शिंकायचीही चोरी. त्याने टेपने खोल्या मोजल्या. खाली पाचशे चौरस फूट, वर तीनशे. मग जिन्याच्या फाटकावरची पाटी बघून त्याने विचारलं, "वर कोण राहतं?"

काकू मशिनवर बसली होती. तिने मानही वर केली नाही. "भाडेकरू."

"भाडं किती?"

"तीन हजार ठरलेत. देतोय कुठे." काका घरखर्चाला निवृत्तिवेतनातून महिन्याला तीन हजार द्यायचे, ते वर गेल्यापासून बंद झाले होते. ती त्याबद्दल बोलत होती. निरीक्षकाने मात्र शब्दन् शब्द लिहून घेतला आणि तिच्याकडून सही घेतली. सही करताना तिचा चष्मा कपाळावर होता. तो डोळ्यांवर आणायची तिला गरज वाटली नाही.

नोटीस आली ती घेऊन काकू माझ्याकडे. दरवर्षी सहा हजार चारशे ऐंशी असलेला कर एकदम बारा हजार एकशे पन्नास झाला होता. "लुटारू आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी वाचू तर दे."

वाचलं आणि मला हसू आवरेना. आमच्या गावात घरपट्टी घराच्या विक्रीच्या किमतीवर नसते. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, ते धरतात, मग तुम्ही द्या किंवा देऊ नका. आमच्या भागाला चौरस फुटाला महिना पाच रुपये असा दर आहे. खालच्या पाचशे फुटांचे वर्षाचे तीस हजार. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के सोडून देतात, राहिले सत्तावीस हजार. मालक स्वतः राहत असेल तर त्यावर आणखी चाळीस टक्के सवलत, म्हणजे सोळा हजार दोनशे. इथवर सगळं पूर्वीसारखंच होतं.

वरच्या खोलीचं पूर्वी याच हिशेबाने नऊ हजार सातशे वीस धरलं जायचं. पण आता ती भाड्याने दिलेली. तिथे दराने येणारं दीड हजार आणि प्रत्यक्ष भाडं तीन हजार यांतलं जे जास्त, ते धरतात. वर्षाचे छत्तीस हजार, दहा टक्के दुरुस्तीचे जाऊन बत्तीस हजार चारशे. स्वतः राहण्याची सवलत शून्य. खालचे सोळा हजार दोनशे त्यात मिळवले की अठ्ठेचाळीस हजार सहाशे, आणि सगळे कर मिळून त्याचे पंचवीस टक्के.

"म्हणजे," काकूने विचारलं, "ती जीभ मला पाच हजार सहाशे सत्तरला पडली?"

"दरवर्षी," मी म्हटलं.

हरकत घ्यायला मुदत होती. मी अर्ज लिहिला आणि वर काकांना दाखवायला गेले. माझी चूक तिथे झाली. नोटिशीत 'भोगवटादार: भाडेकरू' असं छापलेलं होतं आणि खाली बायकोची सही. काकांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, हसतील. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला पहिल्यांदा त्या माणसाची मनापासून कीव आली. इतके महिने ते रुसून बसले होते ते कुणीतरी खाली बोलवावं म्हणून, आणि इथे तर त्यांना कागदावर घराबाहेर काढलेलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भाडेकरू तर भाडेकरू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन हजारांचं पाकीट खाली आणून मशिनवर ठेवलं आणि पावती मागितली. काकूने मशीन थांबवलं. मी पाकीट उचललं आणि माझ्या पर्समध्ये घातलं. "एक जरी पावती फाडलीत," मी दोघांना म्हटलं, "तर सवलत आयुष्यभरासाठी विसरा. आणि मलाही."

सुनावणीला तिघं गेलो. नगरपालिकेच्या त्या खोलीत पंखा होता पण तो फक्त फायलींवर वारा घालायचा. कर अधिकारी बाई पन्नाशीच्या, समोर अर्धा डबा खाऊन झालेला. कोपऱ्यात तो निरीक्षक बसलेला.

"वर राहणारे तुमचे कोण?" बाईंनी विचारलं.

"नवरा," काकू म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून निरीक्षकाकडे पाहिलं. तो लाल झाला. "मॅडम, यांनीच भाडेकरू सांगितलं. सही आहे."

"सही माझी आहे," काकू म्हणाली. "राग त्यांच्यावरचा होता. लिहिताना यांनी विचारायला हवं होतं, बाई, रागावलात का."

"तसा रकाना नाही हो," निरीक्षक कळवळून म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्या काकांकडे वळल्या. "नवरा असलात तरी वेगळं बिऱ्हाड असेल तर मला स्वतःचा वापर धरता येत नाही. जिना बाहेरून आहे, पाटी वेगळी आहे. वर चूल आहे?"

मी काकांचा पाय दाबला. पण ज्या माणसाने आयुष्यात एक विनातिकीट प्रवासी सोडला नाही, तो काय खोटं बोलणार. "शेगडी आहे. भात होतो त्यावर."

"मग दोघं वेगळे राहता?"

काकांनी काकूकडे पाहिलं. उत्तर तिचं होतं हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, निरीक्षकालासुद्धा. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "सध्या हो. पण मला ते नकोय. तिथे वर ते काय खातात देव जाणे, मला खाली घास गिळवत नाही." एवढं बोलून तिने अधिकारी बाईंनाच दटावलं, "हे लिहू नका."

बाईंनी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "गुरुवारी निरीक्षक पुन्हा येतील. आज काय आहे ते मला दिसलं. गुरुवारी एक बिऱ्हाड असेल तर सवलत, दोन असतील तर नाही. आणि देखावा केलात तर पुढच्या वर्षी मी स्वतः येईन."

घरी येताना दोघं माझ्या दोन बाजूंना चालत होते. मी मुद्दाम चपलेचा पट्टा नीट करायला थांबले. मागून बघितलं तर काकू बोलत होती आणि काका मान हलवत होते. काय बोलली ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जिना न चढलेली ती बाई त्याच संध्याकाळी वर गेली आणि शेगडी पोटाशी धरून खाली आली. तिच्या मागे काका, हातात पातेलं आणि फाटकावरची पाटी. पाटी तिने पुढच्या दारावर, आपल्या पाटीखाली लावून घेतली. मी पर्समधलं पाकीट काढून दिलं तेव्हा तिने ते मोजून घरखर्चात टाकलं. पावती कुणी मागितली नाही.

गुरुवारी निरीक्षक आला. वर गेला, तिथे आता गणवेशांचे गठ्ठे आणि काकांची खाट. शेगडी नाही, भांडं नाही. खाट वर कशी, असं त्याने विचारलं तेव्हा काकू म्हणाली, "घोरतात," आणि त्याने तेही लिहून घेतलं. मग तो स्वयंपाकघर बघायला खाली आला आणि फडताळासमोर थांबला. डबे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर चिठ्ठी, मीठ दाराजवळ, साखर तिसऱ्या थांब्यावर. मधे मोडून टाकलेली काकांची मांडणी काकूने पुन्हा लावली होती, अगदी जशीच्या तशी. काका ते बघत उभे राहिले आणि त्यांना डोळे पुसावे लागले.

"फार व्यवस्थित आहे," निरीक्षक म्हणाला. "हे कुणी लावलं?"

काकूने चहाचं आधण ठेवता ठेवता काकांकडे एक नजर टाकली. "आमच्या घरमालकांनी."

निरीक्षकाने फाइल उघडली, मालकाच्या रकान्यात काकूचं नाव वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

काका एका उडीत त्याच्याजवळ पोचले आणि त्यांनी त्याचा हात धरला. "साहेब," ते म्हणाले, "या बाई आता रागावलेल्या नाहीत. पण तरीही लिहू नका."