दसऱ्याच्या दिवशी नाही म्हणणारा

कुठलंही काम सांगा, तो आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि मग म्हणायचा, "होते ना बापा." तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. सगळे त्याच्यावर विसंबतात आणि तो दमलाय का, हे कुणी विचारत नाही.

तो यवतमाळकडचा. खराडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. जर्मनीतल्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळायची. तिथं सहा महिन्यांसाठी कुणीतरी जायचं होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं चष्मा पुसला. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली.

रोज कॉलवर दिसायचा, पण दर वेळी थोडा कमी झाल्यासारखा. आमचा एक सदाशिवपेठी सहकारी म्हणायचा, "परदेशी जाऊन लोकांचं वजन वाढतं. याची फक्त जबाबदारी वाढली."

त्या वर्षी नवी आवृत्ती चढवायचा दिवस नेमका दसऱ्याला आला. जर्मन कॅलेंडरात तो साधा कामाचा दिवस होता. इथं ऑफिसला सुट्टी, तरी आम्ही चौघं आलो. कीबोर्डला हळदकुंकू लावलं, मॉनिटरला झेंडू अडकवला. कॉल जोडला तेव्हा त्याच्या मॉनिटरवरच्या कॅमेऱ्यातून त्याच्याही लॅपटॉपवर कुंकवाचं बोट दिसलं.

"सहा वाजता आई फोन करणार हाय," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून सोनं द्यायला घरात ती एकटीच. तवरोक आपलं आटपते."

आपल्याकडे सहा म्हणजे त्याच्याकडे दुपारचे अडीच. गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत काम उरकणार होतं. आधी एका सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकली आणि थोडा वेळ नजर ठेवली. एकही एरर नाही, म्हणून बाकीच्या सर्व्हरवरही टाकली. डेटाबेसमध्ये फक्त एक नवा रकाना वाढवला होता, त्यामुळे गरज पडली तर जुनी आवृत्तीही चालली असती. हा आग्रह त्याचाच.

सुट्टी संपून माणसं कामाला लागली आणि गोदामातून फोन आला. खोक्यांवरच्या लेबलांवर पत्ते विचित्र छापले जात होते. डोक्यावर दोन टिंबं असलेल्या जर्मन अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. नवी आवृत्ती अक्षरं वेगळ्या संकेतात पाठवत होती आणि तिथले जुने प्रिंटर आधीच्याच संकेतात वाचत होते. आम्ही चाचणी केली ती नव्या प्रिंटरवर. सॉफ्टवेअरच्या लेखी काही चुकलंच नव्हतं, म्हणून एररही नव्हती. पट्ट्यावर खोकी तुंबली.

तिथला मॅनेजर कॉलवर आला आणि म्हणाला, चालू सिस्टिममध्येच दुरुस्ती करा.

"घाईत केलेली दुरुस्ती पुन्हा तपासणार कोण? जुनी आवृत्ती परत आणू," तो म्हणाला. मॅनेजर कुरकुरत कबूल झाला. एकेक सर्व्हर बाजूला घ्यायचा, जुनी आवृत्ती टाकायची, लेबल छापून बघायचं, मग पुढचा. वेळ लागणारं काम.

सहा वाजले. टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. त्यानं तो उपडा ठेवला आणि टाइप करत राहिला. फोन थांबला. परत थरथरला.

"तू फोन घे, उरलेलं मी करते," मी म्हणाले. "का होतंय अजून तुझ्याच्यानं?"

त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. डोळे खूप सुजलेले दिसले.

"नाही होत," तो म्हणाला. "आता हे नाही होत माह्याच्यानं. घे तू."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'नाही' हा शब्द ऐकला. मी पुढचा सर्व्हर हाती घेतला.

फोन घेताना कॉलचा माइक बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"जेवला का रे?" आईचा आवाज आला.

"जेवलो." तो जेवला नव्हता. मग त्यानं कीबोर्डखालून एक पिवळंजर्द पान काढून फोनसमोर धरलं. पंख्यासारखं, मध्ये चिरलेलं, थोडं आपट्यासारखंच. "सोनं घे आई. ऑफिसच्या दारात झाड हाय. थंडीत आपोआपच पिवळं होते."

"हे तं खरंच सोन्यासारखं हाय रे," ती म्हणाली. "बाबाच्या फोटोपुढं ठेवलं असतं."

त्यानं पान खाली ठेवलं. पाया पडायला वाकला. आम्हाला कॅमेऱ्यात फक्त टेबलाच्या कडेवर टेकलेलं डोकं दिसत होतं. ते बराच वेळ वर आलं नाही. जर्मन मॅनेजरला शब्द एकही कळला नसेल, पण त्यानं आधी आपला कॅमेरा बंद केला. मग आम्हीही एकेक करून केले.

शेवटचा सर्व्हर मीच जुन्या आवृत्तीवर आणला. लेबलं नीट छापली जाऊ लागली.

दिवाळी झाल्यावर त्यानं राजीनामा दिला. लॅपटॉप परत करायला खराडीला आला, तेव्हा मी त्याला "थांब ना पुण्यात" म्हणाले. त्यानं हसून पावतीवर सही केली. आता यवतमाळला आईजवळ राहतो, तिथूनच एका छोट्या कंपनीचं काम करतो, असं कळतं. फोन क्वचित.

त्याच्या जागी दुसरा मुलगा गेलाय. हुशार आहे. परवा पुढच्या आवृत्तीची तारीख ठरवायची होती. सगळे कॉलवर जमले. जर्मन मॅनेजर कॅलेंडर उघडता उघडता थबकला आणि मला म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या कुणाच्या घरी काही नाही ना? आधी विचारून घ्या. मी थांबतो."